‘फिक्स्ड’ झाला, ‘क्लोज्ड’ कोणी केला?

गृहनिर्माण सोसायटीचा मेंटेनन्स भरण्याचे एक ॲप आहे, असे धरून चालू. १ एप्रिलच्या रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी एका सभासदाने पैसे भरले आणि पावतीवर तारीख उमटली ३१ मार्च. म्हणजे पैसे नव्या आर्थिक वर्षातले आणि पावती जुन्या वर्षाची. सोसायटीच्या हिशेबनीसाने ओरड केली आणि तक्रार ॲप बनवणाऱ्या कंपनीतल्या टेस्टरकडे आली.

तिने रीतसर बग नोंदवला. काय केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते, ॲपची आवृत्ती कोणती, सोबत पावतीचा फोटो. अशी नोंद झाली की बगची अवस्था ‘न्यू’. इथून पुढे त्याच्यावर काम करायचे की नाही, हे टेस्टर ठरवत नाही आणि डेव्हलपरही नाही. टीम लीड, टेस्ट लीड आणि प्रॉडक्ट मॅनेजर एकत्र बसून नव्या बग चाळतात. या बैठकीला ‘ट्रायज’ म्हणतात. हा बग खरा आहे का, आधीच कोणी टाकलाय का, किती घाईचा आहे, एवढे बघून लीड तो एका डेव्हलपरच्या नावावर लावतो. अवस्था ‘असाइन्ड’. डेव्हलपरने काम हाती घेतले की तोच ती ‘ओपन’ करतो.

आपल्या डेव्हलपरने सकाळी अकरा वाजता पैसे भरून पाहिले. तारीख बरोबर आली. ‘माझ्याकडे होत नाही’ असा शेरा मारून त्याने बग ‘रिजेक्टेड’ करून परत पाठवला. आयटीतली निम्मी भांडणे याच शेऱ्यावरून होतात. टेस्टरने वाद घातला नाही. वेगवेगळ्या वेळी पैसे भरून पाहिले आणि लिहिले, ‘चूक फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतच होते.’ साडेपाच हा आकडा दिसताच डेव्हलपरला कारण कळले. सर्व्हर वेळ साठवतो ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, आणि ती भारताच्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे १ एप्रिल उजाडला तरी सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चची संध्याकाळच असते. तारीख काढण्याआधी ती भारतीय वेळेत बदलायची राहून गेली होती. त्याने दुरुस्ती केली आणि अवस्था केली ‘फिक्स्ड’.

‘फिक्स्ड’ हा डेव्हलपरचा नुसता दावा असतो. दुरुस्ती असलेला नवा बिल्ड चाचणीच्या सर्व्हरवर चढला की बग ‘रीटेस्ट’मध्ये येतो आणि पुन्हा टेस्टरकडे जातो. तिने पाहिले तर स्क्रीनवर १ एप्रिल, पण डाउनलोड केलेल्या पीडीएफ पावतीवर अजून ३१ मार्चच! पीडीएफ बनवणारा कोड वेगळा होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. मूळ तक्रारच पावतीची असल्यामुळे तिने नवा बग न टाकता हाच ‘रीओपन्ड’ केला. तक्रार वेगळी असती, उदाहरणार्थ दंडाची रक्कम चुकली असती, तर नवा बग टाकायला हवा होता. नाहीतर एकाच नोंदीत चार भानगडी अडकतात आणि ती कधीच बंद होत नाही. एखादा बग तीनदा उघडला गेला, तर दुरुस्ती कच्ची आहे यापेक्षा मूळ कारणच सापडलेले नाही, असे मी समजतो.

दुसऱ्या खेपेस तिने पाच एकोणतीस आणि पाच एकतीस, दोन्ही वेळांना पैसे भरून दोन्हीकडच्या तारखा पडताळल्या. मग ‘व्हेरिफाइड’ आणि शेवटी ‘क्लोज्ड’. मोझिलासाठी १९९८ साली तयार झालेल्या बगझिला या प्रणालीतही हा भेद आहे: दुरुस्ती झाल्यावर नोंद RESOLVED होते आणि तपासणी झाल्यावर VERIFIED. कंपनीगणिक अवस्थांची नावे बदलतात, पण ज्याने दुरुस्त केले त्यानेच बंद करायचे नाही हा रिवाज बहुतेक ठिकाणी पाळतात.

राहिला जुन्या पावत्यांचा प्रश्न. चुकीच्या तारखेच्या ज्या पावत्या आधीच गेल्या, त्या बदलायच्या तर सोसायट्यांचे हिशेब पुन्हा उघडावे लागणार. त्यासाठी वेगळा बग नोंदवला गेला आणि प्रॉडक्ट मॅनेजरने तो ‘डिफर्ड’ केला. हा निर्णय धंद्याचा आहे. काम किचकट आहे म्हणून डेव्हलपरने परस्पर घ्यायचा नाही. डिफर्ड बग बंद झालेला नसतो. तो पुढे कोणत्या आवृत्तीत घ्यायचा आणि आज का थांबवला, हे नोंदीत हवे. ते नसेल तर बग बासनात गुंडाळला गेला असे खुशाल समजावे. पुढच्या ट्रायजमध्ये लीडने तो पुन्हा ‘असाइन्ड’ केला, तरच त्याचा प्रवास सुरू होतो.

एखाद्या ॲपची तक्रार कराल तेव्हा ‘चालत नाही’ एवढेच लिहू नका. किती वाजता झाले आणि ॲपची आवृत्ती कोणती, या दोन गोष्टी जरूर लिहा.