टोकन पाठवण्याआधीचा ई-मेल

गेल्या वर्षी माझ्या भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॅपच्या फेरीत नाव लागलं की कॉलेजात हजर व्हायला हातात मोजकेच दिवस असतात, त्यामुळे परभणीत बसून फोनवरच राहायची जागा शोधायची होती. कर्वेनगरमधल्या एका पीजीची जाहिरात तिला आवडली. तिघींची खोली, प्रत्येकी ८,५०० रुपये, 'जेवण, लाइट, वायफाय सगळं धरून'. मालकीणबाई फोनवर आपुलकीनं बोलल्या. दोनच खाटा उरल्यात, २,००० रुपये टोकन पाठव म्हणजे तुझी धरून ठेवते, असं म्हणाल्या. भाची पैसे पाठवायलाच निघाली होती. मी तिला म्हटलं, आधी खर्चाची यादी मागव, आणि लेखी मागव.

तिनं लगेच मेल केला: 'कृपया दरमहा किती खर्च येईल याची संपूर्ण माहिती द्यावी.' तासाभरात उत्तर आलं: 'सगळं मिळून ८,५००. काळजी करू नकोस.'

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात 'सगळं' म्हणजे भाड्यात येतं ते, आणि विजेसारख्या गोष्टी 'वापराप्रमाणे'. लाइट धरून आहे याचा त्यांच्या लेखी अर्थ खोलीत वीज आहे, एवढाच होता. चूक प्रश्नात होती. 'संपूर्ण माहिती द्या' किंवा 'लाइट धरून आहे ना?' असं विचारलं की समोरचा माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. एकेक बाब घेऊन असं विचारावं लागतं, की उत्तरात आकडा आल्याशिवाय वाक्य पुरं होऊ नये. शिवाय प्रत्येक आकड्यामागे दोन गोष्टी कळायला हव्यात: तो दरमहा आहे की एकदाच, आणि प्रत्येकी आहे की खोलीला. पीजीतली बहुतेक भांडणं या दोन शब्दांवरून होतात.

मग आम्ही दोघींनी बसून दुसरा मेल लिहिला. तो असा होता:

विषय: तिघींच्या खोलीतल्या एका खाटेचा दरमहा खर्च

नमस्कार काकू,

काल फोनवर बोलणं झालं, जागा मला आवडली आहे. मी १ सप्टेंबरपासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे दहा महिने राहीन. टोकन पाठवण्याआधी घरी खर्चाचा आकडा सांगायचा आहे, म्हणून एवढं कळवाल का?

१. ८,५०० रुपयांत आठवड्यातून किती जेवणं आणि किती नाश्ते आहेत? रविवारी आणि सणाला मेस चालू असते का? गावी गेले तर खाडा किती दिवसांनंतर धरता आणि दिवसाला किती रुपये वजा होतात?

२. लाइटबिल वेगळं असेल तर युनिटचा दर किती? खोलीला सबमीटर आहे का? एखादी खाट रिकामी असेल तर तिचा वाटा कोण भरतं?

३. मेंटेनन्स, पाणी, वायफाय, वॉशिंग मशीन यांपैकी कशाचे वेगळे पैसे घेता? दरमहा की एकदाच, आणि प्रत्येकी की खोलीला?

४. डिपॉझिट किती? जाताना त्यातून काय कापलं जातं आणि बाकीचे किती दिवसांत परत मिळतात? जाण्याआधी किती दिवसांची नोटीस द्यायची?

५. टोकनचे २,००० रुपये पहिल्या महिन्याच्या भाड्यात धरले जातील का? मी आले नाही तर ते परत मिळतील का?

यांशिवाय काही पैसे लागत असतील तर तेही कळवा. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं तर मी लगेच टोकन पाठवते.

या मेलमध्ये अविश्वासाचा एकही शब्द नाही, आणि तसा तो असूही नये. पीजी चालवणाऱ्या बाईंच्या घरात ही मुलगी वर्षभर राहणार असते. 'घरी आकडा सांगायचा आहे' हे कारण खरं असतं, आणि ते कोणालाही पटतं. शेवटच्या ओळीतला वार मुद्दाम घातला होता. उत्तर आलं तर पैसे लगेच येतील, हे मालकीणबाईंना दिसलं पाहिजे. टोकन हातातून गेल्यावर हाच मेल पाठवला तर उत्तराची घाई फक्त आपल्याला असते.

काकूंनी दुसऱ्या दिवशी सगळ्याचं उत्तर दिलं, सरळपणे दिलं. रविवारी रात्री मेस बंद. खाडा सलग पाच दिवसांच्या पुढे, दिवसाला ७० रुपये. लाइट सबमीटरवर, युनिटला १४ रुपये, खोलीत राहणाऱ्या मुलींमध्ये वाटून. मेंटेनन्स दरमहा प्रत्येकी ५००. डिपॉझिट दोन महिन्यांचं, त्यातले ३,००० रंगकाम आणि साफसफाईचे म्हणून कापायचे. टोकन भाड्यात धरणार, पण आलं नाही तर परत नाही.

आता हिशेब मांडता आला. खोलीचा महिन्याचा वापर साधारण १५० युनिट, असं तिथे राहणाऱ्या एका मुलीनं सांगितलं. १४ रुपयांनी त्याचे २,१०० झाले, तिघींत वाटून प्रत्येकी ७००. रविवारी रात्रीची चार जेवणं बाहेर, प्रत्येकी १२० रुपयांनी ४८०. मेंटेनन्सचे ५००. रंगकामाचे ३,००० दहा महिन्यांवर पसरले की महिन्याला ३००. भाड्यासह बेरीज १०,४८०. हाच मेल तिनं जवळच्या दुसऱ्या एका पीजीलाही पाठवला होता. तिथे जाहिरातीतच ९,८०० लिहिले होते आणि म्हणून तिनं ती जागा बाजूला सारली होती. उत्तरात कळलं, की तिथे रविवारचं जेवण आहे, मेंटेनन्स नाही, खोलीला १५० युनिटपर्यंत वीज भाड्यातच आहे, वरच्या युनिटला १२ रुपये, आणि मोडतोड नसेल तर डिपॉझिट पूर्ण परत. जाहिरातीत १,३०० रुपयांनी महाग दिसणारी खोली प्रत्यक्षात महिन्याला ६८० रुपयांनी स्वस्त निघाली.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यादीतला हा एकच आकडा दर महिन्याला बदलतो. १४ रुपये दर ऐकला की मालक लुटतात असं वाटतं. तसं असेलच असं नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो: पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे, असा तो चढत जातो. संपूर्ण मजल्याला एकच मीटर असेल तर दहाबारा जणींचा वापर एकत्र मोजला जातो आणि बरीचशी युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क येतं. त्यामुळे मालकांचा दर योग्य आहे का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे मागच्या महिन्याच्या बिलाचा फोटो मागणं. बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटनं भागलं की खरा सरासरी दर मिळतो. तो ११ निघाला आणि मागणी १४ ची असेल तर वरचे तीन रुपये कशाचे, हे विचारता येतं. जिना, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर यांच्यासाठी ते घेतलेले असू शकतात. मग मेंटेनन्सचे ५०० कशाचे, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

रिकाम्या खाटेचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि त्याचा फटका मात्र हमखास बसतो. एक मुलगी मध्येच सोडून गेली तर दिवा, पंखा, फ्रिज तेवढेच चालतात आणि बिल दोघींत वाटलं जातं. २,१०० चे प्रत्येकी १,०५० होतात. गिझरही लक्षात घ्यावा. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं. तिघींनी रोज वीस मिनिटं लावला तर फक्त गिझरचीच महिन्याला ६० युनिट होतात, म्हणजे पुण्याच्या थंडीत बिल वाढणार हे आधीच धरून चालावं.

कधी यादीत 'अधिक जीएसटी' अशी ओळ येते. १५ जुलै २०२४ पासून, माणशी महिन्याला २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटीतून सूट आहे. कॉलेजच्या मुलामुलींचं राहणं बहुतेक वेळा या चौकटीत बसतं. म्हणून अशी ओळ दिसली तर तो कर कोणत्या रकमेवर लावला आहे ते विचारावं आणि जीएसटी क्रमांक छापलेली पावती मागावी.

पुष्कळ पीजीवाले मेलला उत्तर देत नाहीत, फोन करतात. त्यात गैर काही नाही. फोन ठेवला की त्याच मेलवर चार ओळी लिहून पाठवाव्यात: 'आज फोनवर तुम्ही असं सांगितलंत: लाइट १४ रुपये युनिट, डिपॉझिटमधून ३,००० कपात, बाकी पंधरा दिवसांत परत. माझं काही ऐकण्यात चुकलं असेल तर कळवा.' या कागदाचा उपयोग जाताना होतो. डिपॉझिट अडकलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या 'सेवे'च्या व्याख्येत पैसे घेऊन पुरवलेली राहण्याजेवण्याची सोय येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की ठरलं काय होतं. ठरलेलं तोंडी असेल तर दोघांची दोन उत्तरं निघतात. मेल असेल तर त्यातले आकडे दाखवता येतात.

यादीला मर्यादाही आहेत. जेवणाची चव, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं, खोलीत ऊन येतं का, हे मेलमधून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी जाऊन पाहायला हवं, किंवा तिथे राहणाऱ्या मुलीशी बोलायला हवं. भाचीचा मोठा भाऊ एक दिवस जाऊन दोन्ही जागा पाहून आला.

तिनं ९,८०० ची खोली घेतली. पहिल्या काकूंना तिनं फोन करून नकार कळवला आणि सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आभारही मानले. १ सप्टेंबरला सामान खोलीत ठेवल्यावर तिनं सबमीटरचा फोटो काढून नव्या मालकीणबाईंना त्याच मेलवर पाठवला. त्या दिवशीचं रीडिंग ४२१८ होतं.