हॉटस्पॉट जोडला, पान उघडत नाही

मोबाइलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की त्यात दोन वेगवेगळे दुवे तयार होतात. लॅपटॉप ते फोन हा पहिला दुवा वायफायचा असतो. पासवर्ड तपासणे आणि लॅपटॉपला पत्ता देणे ही कामे फोन स्वतःच करतो, त्यांत मोबाइल कंपनीचा हात नसतो. फोन ते टॉवर हा दुसरा दुवा मात्र पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात असतो. म्हणून वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, ‘जोडले’ असा शेराही येतो, आणि तरी एकही पान उघडत नाही. त्याच वेळी फोनवर सगळे सुरळीत चाललेले असते. अशा वेळी बहुतेक लोक वायफाय पुन्हा जोडून पाहतात, पासवर्ड बदलतात, लॅपटॉप बंद करून चालू करतात. बिघाड दुसऱ्या दुव्यावर असेल, तर यातला एकही उपाय कामाचा नाही.

ही अडचण अमेरिकेत विशेष आढळते आणि त्याचे कारण दरांच्या रचनेत आहे. भारतातल्या प्रीपेड योजनांत बहुधा रोजचा ठरावीक डेटा विकला जातो. दीड जीबी फोनने संपवला काय किंवा लॅपटॉपने, कंपनीला फरक पडत नाही. अमेरिकेत ‘अमर्याद’ डेटाच्या योजना रुळल्या, आणि त्यांची किंमत एका फोनचा वापर गृहीत धरून ठरवलेली असते. लॅपटॉप एका अद्ययावतीकरणातच काही जीबी ओढू शकतो. म्हणून तिथे हॉटस्पॉटसाठी वेगळा कोटा असतो, तो संपला की वेग उतरवला जातो, आणि काही स्वस्त योजनांत हॉटस्पॉट मुळीच नसतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाऊन पहिल्याच आठवड्यात सर्वांत स्वस्त सिम घेणाऱ्याला हा अनुभव येण्याची शक्यता जास्त.

कंपनीनेच विकलेला फोन हॉटस्पॉट सुरू करण्यापूर्वी अनेकदा कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतो. ती नाकारली गेली तर तसा संदेश येतो आणि हॉटस्पॉट सुरूच होत नाही. तिथे गोंधळाला जागा नाही. गोंधळ होतो तो बाहेरून घेतलेल्या, कुठल्याही कंपनीशी न बांधलेल्या अँड्रॉइड फोनवर. तो काही न विचारता हॉटस्पॉट चालू करतो आणि अडवणूक पुढे नेटवर्कमध्ये होते.

पण लॅपटॉपचा डेटाही त्याच सिमवरून जातो, मग तो फोनचा नाही हे कंपनीला कळते कसे? सर्वांत साधी खूण म्हणजे टीटीएल. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर हा आकडा असतो आणि वाटेतले प्रत्येक राउटर तो एकाने कमी करते, म्हणजे रस्ता चुकलेले पॅकेट कायम फिरत राहत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन आपली पॅकेटे 64 या आकड्याने पाठवतात. विंडोज लॅपटॉपचा आकडा 128 असतो, मॅकचा 64. हॉटस्पॉट चालवणारा फोन हा लॅपटॉपच्या दृष्टीने एक राउटरच असल्याने त्याच्यामार्गे गेलेले पॅकेट कंपनीपर्यंत 127 किंवा 63 होऊन पोचते. फोनच्या स्वतःच्या पॅकेटवर 64 असते. एवढ्या फरकावर लॅपटॉपची पॅकेटे वेगळी काढून टाकून देता येतात.

दुसरी पद्धत फोनच्या आतली आहे. काही कंपन्यांच्या सेटिंगनुसार अँड्रॉइडला हॉटस्पॉटच्या डेटासाठी टॉवरकडे वेगळी जोडणी मागावी लागते. एपीएनच्या यादीत तिचा प्रकार `dun` असा दिसतो. योजनेत हॉटस्पॉट नसेल तर ही जोडणी मिळत नाही. फोनचा नेहमीचा डेटा चालू राहतो, पण लॅपटॉपच्या डेटाला पुढे जायला वाटच उरत नाही.

या दोन पद्धती लॅपटॉपवरून वेगळ्या ओळखता येतात. विंडोजमध्ये `ipconfig` ही आज्ञा दिली की `Default Gateway` समोर फोनचा पत्ता दिसतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये तो 192.168.43.1 असे, नव्या फोनांत वेगळा असू शकतो. तो पत्ता 192.168.43.1 आहे असे धरले, तर पुढच्या तीन आज्ञा एकामागून एक द्यायच्या:

```
ping 192.168.43.1
nslookup example.com 192.168.43.1
ping 8.8.8.8
```

पहिलीला उत्तर आले, तर लॅपटॉप ते फोन हा दुवा धडधाकट आहे आणि वायफायचा संशय संपला. खरी मेख दुसरीत आहे. संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता शोधण्याचे काम अँड्रॉइड फोन लॅपटॉपच्या वतीने स्वतः करतो, म्हणजे ती विचारणा फोनचे स्वतःचे पॅकेट म्हणून 64 घेऊन बाहेर पडते. त्यामुळे टीटीएलवर अडवणूक असेल तर दुसरी आज्ञा पत्ता आणून देते आणि तिसरी `Request timed out` म्हणत बसते: नाव सापडते, पण तिथवर पोचता येत नाही. वेगळी जोडणीच मिळालेली नसेल तर दुसरीही फसते. दुसऱ्या आज्ञेत फोनचा पत्ता मुद्दाम लिहावा लागतो. लॅपटॉपमध्ये कोणी 8.8.8.8 हा नाव शोधणारा सर्व्हर कायमचा बसवलेला असेल, तर विचारणा परस्पर तिकडे जाते आणि निष्कर्ष चुकतो.

तिसरी आज्ञा एकटी भरवशाची नाही, कारण काही नेटवर्क `ping` मुळातच अडवतात. तिच्या जोडीला `http://` ने सुरू होणारे एखादे पान उघडून पाहावे. त्या जागी कंपनीचेच ‘हॉटस्पॉटची योजना घ्या’ असे पान आले तर प्रश्न मिटला. `https://` च्या पानांवर असे वळवणे नीट जमत नाही, प्रमाणपत्र जुळत नसल्याने ब्राउझर चूक दाखवतो. आजची जवळजवळ सगळी पाने याच प्रकारची असल्याने कंपनीची सूचना बहुतेकांना दिसतच नाही. शेवटचा पडताळा म्हणजे त्याच फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे. तेवढ्याने लॅपटॉप चालू लागला, तर दोष फोनचा नाही.

लॅपटॉपचा टीटीएल 65 केला की फोनमधून बाहेर पडताना तो 64 होतो, हा तोडगा बराच माहितीचा झाला आहे. पहिल्या पद्धतीवर तो लागू पडतो, दुसरीवर नाही. शिवाय लॅपटॉप ओळखण्याच्या आणखीही वाटा कंपन्यांकडे असतात, आणि योजनेत हॉटस्पॉट नसताना असे करणे कराराचा भंग ठरतो.

कायद्याने या अडवणुकीला अमेरिकेतही मर्यादा घातल्या आहेत. व्हेरिझॉनने 700 मेगाहर्ट्‌झच्या ‘सी ब्लॉक’ लहरी घेतल्या, तेव्हा ग्राहकाने कोणते ॲप वापरावे यात आडकाठी न करण्याची अट त्यांना जोडलेली होती. तरी हॉटस्पॉट देणारी ॲप अँड्रॉइडच्या बाजारातून अडवली गेल्याच्या तक्रारीवर तिथल्या दूरसंचार आयोगाने चौकशी केली, आणि जुलै 2012 मध्ये कंपनीने 12.5 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्यानंतर मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांना हॉटस्पॉटचे वेगळे शुल्क न देता तो वापरता येऊ लागला. जुन्या अमर्याद योजनांच्या ग्राहकांकडून ते घेण्याची मुभा मात्र कंपनीला राहिली.

तपासणीचे उत्तर कंपनीकडे बोट दाखवत असेल तर लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही. योजनेच्या तपशिलात ‘मोबाइल हॉटस्पॉट’ किंवा ‘टेदरिंग’ या शब्दांपुढे किती जीबी लिहिले आहे ते पाहावे. तिथे आकडा असेल आणि तरी पान उघडत नसेल, तर ग्राहक सेवेला ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. फोनवर डेटा चालतो, हॉटस्पॉटवर चालत नाही, या सिमवर हॉटस्पॉटची सुविधा चालू आहे का ते तपासा, असे सांगावे. नाहीतर पलीकडून फोन बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि चौकशी तिथेच अडते.