मिलिसेकंद ते शतक: बेरीज कुठे चुकते?

विंडोज ९५ आणि विंडोज ९८ मध्ये एक दोष होता. संगणक एकदाही बंद न करता चालू ठेवला, तर ४९.७ दिवसांनी तो गोठून जाऊ शकत असे. हा विचित्र आकडा एककांच्या हिशेबातून आला होता.

संगणक सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले, याची मोजणी आतमध्ये चालू असते. त्या मोजणीला ३२ बिटांची जागा दिलेली होती. तेवढ्या जागेत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचेच आकडे मावतात. पुढच्या मिलिसेकंदाला मोजणी पुन्हा शून्यावर येते, जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर ९९,९९९ नंतर येतं तशी.

म्हणजे एका फेरीत ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद जातात. त्यांचे दिवस करताना दर पायरीची बाकी जपून ठेवायची. हजाराने भागलं की ४२,९४,९६७ सेकंद होतात आणि २९६ मिलिसेकंद उरतात. साठाने भागल्यावर ७१,५८२ मिनिटं, बाकी ४७ सेकंद. पुन्हा साठाने भागल्यावर १,१९३ तास, बाकी २ मिनिटं. शेवटी चोविसाने भागल्यावर ४९ दिवस, बाकी १७ तास. उत्तर आलं: ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं आणि ४७.२९६ सेकंद.

कॅल्क्युलेटरवर हेच ४९.७१ दिवस असं दिसतं आणि इथे हमखास चूक होते. ०.७१ म्हणजे ७१ मिनिटं नव्हेत. तो दिवसाचा अंश आहे. त्याला २४ ने गुणलं, की १७ तास मिळतात.

आता तीच जागा ठेवून मिलिसेकंदांऐवजी सेकंद मोजले, तर मोजणी भरायला सुमारे १३६ वर्षं लागतात. आकडा तोच, पण एकक चुकीचं धरलं तर सात आठवड्यांचं शतकाहून जास्त होतं. म्हणून मोठा आकडा हाती आला की तो कशाचा आहे, हे आधी विचारावं.

दिवसापर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, पण त्यापुढे तसं नाही. महिना २८ ते ३१ दिवसांचा असतो आणि वर्ष ३६५ किंवा ३६६ दिवसांचं. एकविसाव्या शतकाचे, म्हणजे २००१ ते २१०० चे, दिवस ३६,५०० धरले तर लीप वर्षांचे २४ दिवस हरवतात. विसाव्या शतकात ते २५ होते, कारण २००० हे लीप वर्ष होतं आणि २१०० नसेल. म्हणून दोन तारखांमधला काळ हवा असेल, तर सरासरीने भागण्याऐवजी कॅलेंडरवरून दिवस मोजावेत.

उत्तर सांगताना ते कोणाला हवंय हेही पाहावं. दोष शोधणाऱ्या अभियंत्याला शेवटच्या मिलिसेकंदापर्यंतचा आकडा लागतो. संगणक वापरणाऱ्याला मात्र “सात आठवडे होण्याआधी एकदा बंद करून सुरू करा” एवढं सांगितलं की काम भागतं.