पिन टाकण्याआधी नाव वाचा

दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर पैसे पाठवायची चौकट उघडते. वर नाव, मधे रकमेची जागा, खाली पैसे भरण्याचं बटण. नव्याने यूपीआय वापरणाऱ्याचं सगळं लक्ष रकमेवर असतं. मागे रांग उभी असते, दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो, त्या घाईत वरचं नाव वाचायचं राहून जातं. खरं तर सगळ्यात आधी तेच वाचायला हवं.

काउंटरवर चिकटवलेल्या कोडमध्ये असतं काय? साधारण अशी एक ओळ:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Saikrupa%20Kirana&cu=INR
```

`pa` पुढे असतो तो यूपीआय आयडी, म्हणजे पैसे जिथे जाणार तो पत्ता. `pn` पुढचं नाव मात्र कोड बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. पूर्वी काही अ‍ॅप हेच नाव दाखवायची. ही फट बुजवण्यासाठी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अ‍ॅपना बजावलं, की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवा. त्यासाठी 30 जून 2025 ही मुदत होती. काही अ‍ॅपमध्ये हे नाव `Banking name` अशा शब्दांपुढे येतं. तुम्ही वाचायचं ते हे नाव.

इथे नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. पाटीवर 'साईकृपा किराणा' आणि मोबाइलवर कुणा बाईंचं नाव. म्हणजे फसवणूकच, असं समजू नका. छोट्या दुकानाचं खातं बरेचदा मालकाच्या, त्याच्या बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असतं. पण म्हणून नाव जुळत नसताना पैसे पाठवूनही देऊ नका. मोबाइल दुकानदाराकडे वळवा आणि विचारा, "काका, कुणाचं नाव येतं तुमच्याकडे?" आपण नाव वाचून दाखवून "हेच ना?" विचारलं, तर घाईत "हो हो" असं उत्तर येतं. नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि मग पडद्याशी ताडून पाहा. आपण अविश्वास दाखवतोय असा संकोच बाळगू नका. यात त्यांचाही फायदा आहे.

तो कसा, हे मध्य प्रदेशातल्या खजुराहोत जानेवारी 2025 मध्ये दिसलं. रात्री कोणीतरी तिथल्या काही दुकानांवरच्या कोडवर आपले कोड चिकटवून गेलं. दुकान तेच, स्टिकरची जागा तीच, पण पैसे भलत्याच खात्यात जात होते. स्कॅन केल्यावर वेगळं नाव येतंय हे लक्षात आल्यावर प्रकार उघड झाला. कडा सुटलेला, खाली दुसरा कागद दिसणारा स्टिकर असेल तर दुकानदाराला जरूर दाखवा. पैसे गेल्याचं तुमचा मोबाइल सांगतोय, पण रक्कम बोलून दाखवणारा दुकानातला स्पीकर गप्पच आहे, तर तेव्हाही नाव पुन्हा पाहा. अर्थात कधी कधी नेटवर्कमुळेही तो उशिरा बोलतो.

आता रक्कम. पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या दुकानात बिलापुरता तयार केलेला कोड यंत्राच्या पडद्यावर येतो. त्यात रक्कम आधीच भरलेली असते, ती फक्त बिलाशी जुळवायची. छापील स्टिकरवर मात्र आकडा आपणच टाकतो. समजा, किराण्याचं बिल 147.50 रुपये झालं. बिंदू नीट दाबला गेला नाही, तर तेच 14750 होतात. मोठ्या आकड्यात अ‍ॅप स्वल्पविराम घालतं, 14,750 असा. दीडशेच्या आतल्या बिलात स्वल्पविराम दिसला की हात थांबवा. त्याच चौकटीत पैसे कुठल्या बँक खात्यातून जाणार तेही लिहिलेलं असतं. दोन खाती जोडलेली असतील तर तिकडेही नजर टाका.

पिन मागणाऱ्या पानावर नाव आणि रक्कम पुन्हा दिसते. चूक पकडण्याची ही शेवटची जागा, कारण पिन टाकल्यावर गेलेले पैसे तुम्हाला परस्पर मागे खेचता येत नाहीत. यूपीआय लाइटमधून छोटी रक्कम देताना पिन विचारलाच जात नाही. तिथे पहिली चौकट हीच शेवटची.

रक्कम जास्त गेली पण नाव बरोबर असेल, तर दुकानदाराला तिथल्या तिथे व्यवहार दाखवा, जास्तीचे पैसे तो परत पाठवू शकतो. नावच चुकलं असेल, तर अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. स्टिकर बदलल्याचा संशय असेल, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, तो तक्रार घेताना विचारतात. आणि दुकानदाराला तो कोड तेव्हाच झाकायला सांगा, नाहीतर रांगेतला पुढचा माणूस तोच स्कॅन करेल.