प्रकल्पाचे गुण कमी पडले, तर अर्जात काय मागावे?

लेखी पेपरची फोटोकॉपी मिळते, फेरतपासणी होते. प्रकल्पाचे गणित वेगळे. त्यात तोंडी परीक्षेचे गुण असतात आणि ती परीक्षा पुन्हा तपासायला कागदावर उरतेच कुठे? इग्नूच्या नियमांत तर प्रकल्प फेरमूल्यांकनातून वगळलेलाच आहे. म्हणून आधी आपल्या विद्यापीठाचा नियम वाचावा. फेरमूल्यांकन बसत नसेल, तर गुणांच्या नोंदीची पडताळणी मागावी.

समजा, चौघांच्या गटात तिघांना तोंडीत ५० पैकी ४० च्या आसपास गुण आहेत आणि चौथीला १४. ४१ चे १४ झाले असण्याची शक्यता इथे दिसते. चौघींना १४-१५ असते, तर हा मुद्दा टिकला नसता. तिने असे लिहावे:

‘तोंडी परीक्षेत मला १४ गुण दर्शवले आहेत. परीक्षकांच्या स्वाक्षरीच्या मूळ गुणतक्त्याशी ही नोंद ताडून पाहावी, ही विनंती.’

वर आसन क्रमांक, विषय संकेतांक, परीक्षेची तारीख. सोबत गुणपत्रिकेची प्रत. ‘मी खूप मेहनत घेतली’ हे वाक्य गाळावे, त्यावर कारकून काहीच करू शकत नाही. परीक्षकावर आकसाचा आरोप तर पुराव्याशिवाय नकोच.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्राचार्यांमार्फत द्यावा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा महाविद्यालयाकडून आवक क्रमांकाची पोच त्याच दिवशी घ्यावी.