रेंज गेली कुठे? फोनमधली एक सेटिंग

आज बोलू या मोबाईलच्या एका छोट्या सेटिंगबद्दल. ती चुकली तर पॅक भरलेला असतो, फोन धडधाकट असतो, टॉवरही चालू असतो, आणि तरी नेट मिळत नाही.

परंदवडीच्या एका ताईंचं झालं ते सांगते. त्या तळेगावला बाजाराला गेल्या होत्या. फोन हळू चालतो म्हणून एका दुकानात दाखवला. दुकानातल्या मुलाने फोनमध्ये काहीतरी केलं आणि म्हणाला, "मावशी, आता फाईव्ह जी जोरात पळेल." खरंच, तिथे उभ्या उभ्या व्हिडिओ भराभर उघडला. ताई खूश होऊन घरी आल्या. घरात पाय ठेवला आणि रेंजच्या काड्या गेल्या. बचत गटाचा हप्ता फोनवरून भरायचा होता, तो राहिला. पॅक संपला असेल म्हणून मुलाकडून रिचार्ज मारून घेतला, तरी तेच. दोन दिवसांनी भाऊ दारात आला. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तो आदल्या दिवसापासून फोन करत होता आणि एकही फोन लागत नव्हता. ताई तर नवीन फोन घ्यायच्या विचारात होत्या. प्रत्यक्षात काम होतं दोन मिनिटांचं, आणि फुकटातलं.

झालं काय होतं? आपल्याकडे मोबाईलचं जाळं एकच नाही. 2जी जुनं, मग 3जी, मग 4जी, आणि ऑक्टोबर 2022 पासून 5जी. फोन एरवी स्वतःच बघतो की इथे कोणतं जाळं चांगलं मिळतंय, आणि ते धरतो. याला ‘ऑटो’ म्हणतात. त्या मुलाने ऑटो काढून फोनला सांगितलं होतं, फक्त 5जीच धर.

आपल्या बाजूचं बेगडेवाडी स्टेशन घ्या. तिथे लोकल थांबते, एक्स्प्रेस थांबत नाही. कुणी ठरवलं की मी एक्स्प्रेसनेच जाणार, तर ती बाई दिवसभर फलाटावर बसून राहील. समोरून लोकल गेली तरी चढणार नाही. ताईंच्या फोनचं तसंच झालं. घरात 4जी येत होतं, पण फोन त्याला हात करायला तयार नव्हता.

घरात 5जी का नव्हतं? 5जीच्या बऱ्याचशा लहरी साधारण 3500 मेगाहर्ट्झच्या असतात. त्या भरपूर डेटा वाहून नेतात, पण लांब पोचत नाहीत, आणि जाड भिंत, स्लॅब किंवा मध्ये आलेली टेकडी त्यांना सहज अडवते. जुन्या जाळ्यांच्या 900 सारख्या खालच्या लहरी जास्त लांब जातात आणि घरातही शिरतात. म्हणून बाजारात 5जी आणि घरात 4जी, हे अगदी नेहमीचं आहे. शिवाय बऱ्याच ठिकाणी 5जीवर नेट चालतं, पण बोलण्याचा फोन 4जीवरून जातो. म्हणजे ‘फक्त 5जी’ ठेवलं तर भर बाजारात नेट चाललं तरी फोन लागेलच असं नाही.

उलटी चूकही होते. बॅटरी वाचावी म्हणून कुणी फोन 2जीवर किंवा 3जीवर अडकवून ठेवतं. 2जीवर बोलणं होतं, पण नेट इतकं हळू की फोटोसुद्धा उघडत नाही. आणि 3जी आता पुष्कळ ठिकाणी उरलेलंच नाही. एअरटेलने तर ते 2020 मध्येच बंद केलं. जिओची सेवा 2016 साली सुरू झाली ती थेट 4जीवर, त्यांच्याकडे 2जी आणि 3जी कधी नव्हतंच. तेव्हा जिओचं सिम 2जीवर किंवा 3जीवर अडकवलं, तर ना नेट ना फोन.

आता ही चूक आपल्या फोनमध्ये आहे का, हे कसं ओळखायचं? शेजारणीचा फोन घ्या, पण त्यात तुमच्याच कंपनीचं सिम हवं. दोन्ही फोनचं वायफाय बंद करा आणि एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा. तिच्या फोनवर 4G किंवा LTE दिसतंय, नेट चालतंय, आणि तुमच्यावर काहीच नाही किंवा नुसतं E आहे, तर सेटिंग बघा. दोघींच्याही फोनवर काही नसेल, तर त्या जागी रेंजच नाही. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही. आणखी एक खूण: तोच फोन तळेगावात नीट चालत असेल, तर पॅक संपलेला नाही. पुन्हा रिचार्ज करू नका.

सेटिंग अशी बदला. फोनच्या Settings मध्ये जा. तिथे SIM किंवा Mobile network असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते उघडा. दोन सिम असतील तर ज्या सिमवर नेट वापरता ते निवडा, कारण प्रत्येक सिमची सेटिंग वेगळी असते. आत Preferred network type किंवा Network mode दिसेल. त्यात अशी ओळ निवडा जिच्यात सगळी जाळी आहेत, म्हणजे 5G/LTE/3G/2G, आणि बहुधा पुढे auto लिहिलेलं असतं. जिथे only हा शब्द आहे, ती ओळ घेऊ नका. जवळच VoLTE नावाचं बटण असेल तर ते चालू ठेवा. 4जीवर बोलण्यासाठी ते लागतं. मग विमान मोड लावून दहा-पंधरा सेकंदांनी काढा. फोन नव्याने जाळं शोधेल.

काही वेळा इथे सगळं बरोबर दिसतं आणि तरी फोन अडकलेला असतो. दुकानदार किंवा एखादं ‘5जी करून देणारं’ ॲप आतल्या छुप्या पानावरून कुलूप लावतं. असं ॲप टाकलेलं असेल तर काढून टाका आणि फोन बंद करून चालू करा. तरीही जमलं नाही तर Settings मध्ये Reset network settings शोधा. याने फोटो किंवा नंबर जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी लिहून ठेवा.

एक मात्र आहे. काही घरांत 5जी अगदी काठावर येतं. वर 5G दिसतं, पण नेट अडखळतं, फोन तापतो, बॅटरी उतरते. अशा घरात LTE/3G/2G ही ओळ ठेवा. 5जी वगळलं, पण बाकीची दारं उघडी राहिली. एकच दार ठेवणं वेगळं आणि एक दार लावून घेणं वेगळं.

त्या ताईंच्या फोनमध्ये गटाच्या बैठकीतच एका मुलीने ऑटो लावून दिलं. काड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी पहिला फोन भावाला लावला. आई घरी आली होती. हप्ता त्यानंतर भरला.

तर मैत्रिणींनो, दुकानात फोन दिलात की परत घेताना एवढं विचारा: "यात काय बदललंस? ऑटोवर आहे ना?" येत्या बैठकीत सगळ्याजणींनी आपापला फोन उघडून ती ओळ एकदा वाचू या.