मराठीतला आदर गुजरातीत कुठे बसतो?

आपल्यापैकी बहुतेकांनी गुजराती शिकली ती शेजारी, दुकानदार आणि कारखान्यातले सोबती यांच्याकडून, कानावरून. त्यामुळे बोलताना सहसा अडत नाही. शिवाय दोन्ही भाषांत आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद असते. ‘मी उद्या बाजारात जाईन’ हे वाक्य त्याच क्रमाने ‘हुं आवती काले बजारमां जईश’ असे होते. फक्त ‘काले’ म्हणजे गुजरातीत काल आणि उद्या दोन्ही, म्हणून नेमके सांगायचे तर ‘गई काले’ किंवा ‘आवती काले’ म्हणावे.

गडबड होते ती नकारात, आणि मोठ्या माणसाबद्दल बोलताना ती जास्त खटकते.

‘काका जात नाहीत’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘जात’ बदलत नाही. आदर दिसतो तो ‘नाहीत’मधल्या शेवटच्या ‘त’मध्ये. गुजरातीतला ‘नथी’ मात्र सगळ्यांना एकच. तो ना एकवचन दाखवतो, ना अनेकवचन. मग आदर एक शब्द मागे सरकून क्रियापदावर बसतो: ‘काका जता नथी’. कोणी ‘काका जतो नथी’ म्हणाले, तर शब्दांचा क्रम बरोबर असूनही ते वाक्य ‘काका जात नाही’ असे, एकेरी ऐकू येते. भूतकाळातही तसेच: ‘बाबा आले नाहीत’ म्हणजे ‘पप्पा आव्या नथी’, ‘आव्यो नथी’ नव्हे.

स्वतःबद्दल बोलतानाही हे लक्षात ठेवावे लागते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ या दोन्हींसाठी गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ एवढेच. पण नकार आला की लिंग परत येते: पुरुष ‘हुं जतो नथी’ म्हणेल, बाई ‘हुं जती नथी’ म्हणेल.

भविष्यकाळात ‘नथी’ चालत नाही. तिथे ‘नहीं’ येतो, आणि तो क्रियापदाच्या आधी बसतो. ‘काका उद्या येणार नाहीत’ याचे ‘काका आवती काले नहीं आवे’ होते. लहान भावाबद्दलही ‘नहीं आवे’च म्हणतात, म्हणजे इथे क्रियापदात आदर दिसतच नाही. समोरच्याशी बोलताना तो ‘तमे’मुळे येतो: ‘मासी, तमे नहीं आवो?’ मराठीत प्रश्नाच्या शेवटी येणारा ‘का’ इथे लागत नाही, सूर पुरतो.

आता बायकांचा आदर. मराठीत ‘मावशी आल्या’ म्हणताना आपण स्त्रीलिंगी अनेकवचन वापरतो. गुजरातीची रीत वेगळी आहे. तिथे आदरासाठी नपुंसकलिंगी अनेकवचन येते: ‘मासी आव्यां’. ‘मुले आली’ याचे ‘छोकरां आव्यां’ होते, तेच हे रूप. विशेषणही त्याच्याबरोबर बदलते: ‘मोठ्या काकू आल्या’ म्हणजे ‘मोटां काकी आव्यां’. ‘आवी’ हे एकेरी रूप आहे. ते लहान मुलीला शोभते, आणि घरच्या आईबद्दल, मराठीत ‘आई आली’ म्हणतो तसे, अनेक घरांत चालते. शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंबद्दल मात्र खटकते. बोलताना शेवटचा अनुस्वार जेमतेम ऐकू येतो, म्हणून लिहिताना तो हमखास सुटतो.

शेवटी एक वाक्य पूर्ण करून पाहू. समजा, मुलाच्या मुंजीला गुजराती शेजाऱ्यांना लिहायचे आहे: ‘आपण रविवारी सहकुटुंब यावे.’ पहिला अडथळा ‘आपण’चा. मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही-आम्ही सगळे’ आणि आदराने ‘तुम्ही’ही. गुजरातीत हे दोन शब्द वेगळे आहेत: ‘आपणे’ म्हणजे सगळे मिळून, ‘आप’ म्हणजे आदराने तुम्ही. इथे ‘आपणे’ लिहिले, तर निमंत्रण देणारेच पाहुण्यांत जाऊन बसतील! दुसरा अडथळा ‘यावे’चा. अशा विनंतीसाठी गुजरातीत भविष्यकाळाचे रूप वापरतात, आणि निमंत्रणात ‘आवशो’पेक्षा ‘पधारशो’ शोभते. वाक्य झाले: ‘आप रविवारे सहकुटुंब पधारशो.’ तेच पाहुणे घरी आल्यावर इतका थाट नको. ‘बसा ना’ला ‘बेसोने’ पुरे. मराठीतल्या ‘ना’चे काम तिथे क्रियापदामागचा ‘ने’ करतो.

वाक्य तपासायची सोपी खूण अशी: मराठी वाक्यातला आदर कोणत्या शब्दावर आहे ते आधी शोधा, आणि गुजराती वाक्यात तो कुठे गेला ते पाहा. ‘नथी’ असेल तर त्याच्या मागचा शब्द बघा. बाईंबद्दल असेल तर अनुस्वार बघा. ‘आपण’ असेल तर त्यात बोलणारा आहे की नाही ते विचारा.

बाकी निरोपाला अडचण नाही. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. गुजरातीत जाणारा आणि निरोप देणारा, दोघेही ‘आवजो’ म्हणतात.